गट नंबर तीनशे एकवीस उर्फ तीनशे बारा

ऑगस्टातली दुपार. रोवणी आटोपलेली, बांधीत घोटाभर पाणी, आणि मी पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडून धुऱ्यावर उभा. माझ्या शेजारी आमचं वावर ठेक्यानं करणाऱ्या भाऊंचा दहावीतला पोरगा. त्याच्या हातात माझा फोन, फोनात ई-पीक पाहणीचं अ‍ॅप. पूर्वी ही पाहणी तो घरी खाटेवर बसून करून टाकायचा. हे मला त्या दिवशी समजलं. आता म्हणे अ‍ॅपला शेतातूनच फोटो लागतो, कुठून काढला तेही त्याला दिसतं.

पोरानं फोटो काढला, स्क्रीनकडे पाहिलं, पुन्हा काढला, पुन्हा पाहिलं.

"गुरुजी, हे तुमचं वावर नोहे म्हनते."

"कोण म्हणतं?"

"फोन."

मी चष्मा लावला. निवडलेल्या गटापासून मी दूर उभा आहे, असं अ‍ॅपचं म्हणणं होतं. नकाशावर माझा ठिपका एका टोकाला आणि माझं वावर दुसऱ्या टोकाला, मधात किलोमीटरभर दुसऱ्यांचं धान. तीन वर्षं मी ज्या चिखलात पाय घालून उभा राहत होतो, ज्याच्या कडेला जेवणाचा डबा खात होतो, ते वावर माझं नव्हतं. पोरगा मोठ्या आशेनं म्हणाला, "तिकडं जाऊन फोटो काढू का जी? तिकडंही धानच हाय."

भंडाऱ्यात सगळीकडे धानच आहे, हीच तर अडचण. आमच्याकडे एका बांधीतून दुसऱ्या बांधीत जाताना पाण्यालासुद्धा कळत नाही की आपण गट बदलला.

घरी येऊन विक्रीपत्र काढलं. जून २०२१ मध्ये निवृत्तीच्या पैशातून घेतलेलं, मुलीच्या लग्नाच्या अल्बमखाली जपून ठेवलेलं. मिळकतीचं वर्णन वाचलं: मौजा अमुक, तहसील तमुक, जिल्हा भंडारा, गट क्रमांक ३२१, आराजी ०.८१ हे. आर. त्याखाली चतुःसीमा: पूर्वेस बोडी, पश्चिमेस पांदण, उत्तरेस गट क्रमांक ३११, दक्षिणेस नाला. सातबारा काढला, त्यावरही ३२१, आणि इतर नावांच्या शेजारी माझं नाव. मग गावाचा नकाशा पाहिला. बोडी, पांदण आणि नाला यांच्या मधात जो तुकडा होता, त्याच्यावर छापलं होतं ३१२. आणि ३२१ कुठे? महामार्गाकडे जाणाऱ्या डांबरी रस्त्याला लागून.

मी एकतीस वर्षं गणित शिकवलं. स्थानिक किमतीचा धडा मुलांकडून मी किती वेळा घोकून घेतला असेल, त्याला हिशेब नाही. दशक-एककाची अदलाबदल करणाऱ्या पोरांचे कान याच हातांनी धरलेले आहेत. आणि स्वतःच्या विक्रीपत्रावर दशक एककाच्या जागी जाऊन बसला तो तीन वर्षं माझ्या नजरेला पडला नाही. बायको एवढंच म्हणाली, "नशीब, शून्य होता नाही त्यात."

चूक कशी झाली याचा शोध लावायला फार हुशारी लागली नाही. विकणारी तीन भावंडं, दोन भाऊ आणि एक बहीण, आणि त्यांच्या नावावर दोन गट: बोडीकडचा ३१२ आणि रस्त्याकडचा १.२० हेक्टरचा ३२१. सौदा ३१२ चा झाला. अर्जनवीसबुवांकडे मात्र त्यांनी दोन्हींचे सातबारे दिले, कारण दोन्ही एकाच पिशवीत होते. बुवांनी चतुःसीमा विकणाऱ्यांना विचारून लिहिली, नंबर कागदावर पाहून लिहिला, आणि पाहिलेला कागद कोणता ते विचारायचं कोणाला सुचलं नाही. दस्त वाचून दाखवला तेव्हा आम्ही सगळ्यांनी चतुःसीमेला माना हलवल्या. बोडी बरोबर, नाला बरोबर. नंबरापाशी कोणीच मान हलवत नाही, कारण नंबर कोणालाच पाठ नसतो. आणि ३२१ सुद्धा याच लोकांच्या नावावर असल्यामुळे पुढे तलाठ्याकडच्या फेरफारालाही काही खटकलं नाही. भलत्याचा नंबर पडला असता तर फेरफार तिथेच अडकला असता आणि चूक पंधरा दिवसांत उघडकीला आली असती. आमची चूक सभ्य घरातली निघाली, म्हणून तीन वर्षं टिकली.

मला वाटलं, दोन आकडे तर इकडचे तिकडे करायचे आहेत. सकाळी जाऊ, दुपारच्या जेवणाला परत.

पहिला थांबा नोंदणी कार्यालय. कोणतं ते सांगत नाही. कुठलंही डोळ्यांसमोर आणा, चालेल. तिथल्या बाबूंनी दस्त पाहिला, त्यांच्याकडची प्रत पाहिली, आणि समाधानानं म्हणाले, "बरोबर आहे."

"बरोबर कसं? ३१२ पाहिजे होतं."

"तुम्ही ३२१ लिहून आणलं, आम्ही ३२१ नोंदवलं. आमच्याकडे काही चुकलं नाही."

मी म्हटलं, मग खोडून ३१२ करा, सही करतो. त्यावर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी उत्तरपत्रिका तपासून झाल्यावर गुण वाढवून मागणाऱ्या पालकाकडे पाहत असे. नंतर शांतपणे समजावलं. नोंदणी अधिनियम १९०८ सालचा. दस्तात खाडाखोड असेल तर ती नोंदणीच्या आधी, सह्या करून. एकदा नोंदणी झाली की तो कागद तुमचाही नाही आणि आमचाही नाही. नोंदवताना कार्यालयाच्या हातून काही चुकलं असेल, म्हणजे तुम्ही ३१२ आणलं आणि आम्ही सूचीत ३२१ चढवलं, तर जिल्हा निबंधकांकडे अर्ज करून ती चूक दुरुस्त होते. तुम्हीच चुकीचं लिहून आणलं असेल तर दुरुस्तीही तुम्हीच लिहून आणायची. तिचा वेगळा दस्त होतो. नाव: चूक दुरुस्ती लेख.

मी विचार केला, एवढी खटपट कशाला, आधी सातबारा तर सुधारून घेऊ. तलाठ्यांकडे गेलो. पाटीवर आता ग्राम महसूल अधिकारी लिहिलेलं आहे, पण गावात अजून त्यांना पटवारीच म्हणतात. त्यांनीही दस्त पाहिला, सातबारा पाहिला आणि म्हणाले, "बरोबर आहे जी."

मला घाम फुटला.

"दस्तात ३२१, सातबाऱ्यावर ३२१. दस्तात ३१२ असतं आणि मी ३२१ चढवलं असतं तर कलम १५५ खाली तहसीलदार साहेबांकडून लेखनप्रमाद म्हणून दुरुस्त करता आलं असतं. इथं प्रमाद कुठाय?"

दस्त बरोबर, सूची बरोबर, फेरफार बरोबर, सातबारा बरोबर. या सगळ्या कारभारात चुकीची होती ती फक्त जमीन. ती बिचारी बोडीच्या कडेला होती तिथेच होती, आणि तिची बाजू घ्यायला साऱ्या तहसिलीत एकही नमुना नव्हता.

बातमी गावात पोचायला अर्धा दिवस लागला. दुसऱ्या दिवसापासून सल्लागारांची रांग लागली. एकमत आश्चर्यकारक होतं. "गुरुजी, काहून दुरुस्त करता? डांबरी रस्त्याची जमीन भेटली, चूप बसा." एकानं तर रस्त्याकडच्या भावाचा हिशेब करून दाखवला. बोडीकडच्या दोन एकरांच्या पैशात मला रस्त्याकडचे दोन एकर मिळाले होते, आणि वर बोडीकडचं वावर मीच कसत होतो. आयुष्यात पहिल्यांदा गावानं मला व्यवहारचतुर म्हटलं.

खोटं कशाला बोलू, ती रात्र मी ३२१ मध्येच काढली. डांबरी रस्ता, कडेला चहाची टपरी, टपरीचं भाडं इथवर स्वप्न गेलं होतं. सकाळी माझे वकील मित्र आले आणि त्यांनी टपरी मोडली.

ते म्हणाले, तुझी चतुःसीमा ओरडून सांगते की जमीन बोडीकडची आहे. नंबर एक बोलतो, चतुःसीमा दुसरं बोलते, ताबा तिसरीकडे नसून चतुःसीमेकडेच आहे. अशा वेळी कोर्ट नंबराला धरून बसत नाही. त्यांनी बिहारमधल्या एका प्रकरणाची गोष्ट सांगितली. लिलावात विकलेल्या प्लॉटचा नंबर होता १०६०, कागदावर पडला १६०. एक शून्य गळलं. तेवढ्या शून्यासाठी दोन पक्ष खालच्या कोर्टापासून भांडत भांडत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, आणि साठच्या दशकाच्या सुरुवातीला न्यायालयानं सांगितलं की खातं जुळतं, क्षेत्रफळ जुळतं, सीमा जुळतात, मिळकत कोणती याविषयी शंका नाही. तेव्हा हे नंबराचं चुकीचं वर्णन आहे, वेगळी मिळकत नव्हे. जमीन १०६० चीच.

"म्हणजे रस्त्याकडची माझी नाही?"

"कधीच नव्हती. उलट, बोडीकडची आहे हे सांगायला तुला कागद नाही. उद्या विकायला गेलास तर घेणारा सातबारा पाहील, नकाशा पाहील आणि पळून जाईल. तुझ्या पश्चात पोरांना तर सांगायलाही कोणी नसेल की बाबा कोणत्या धुऱ्यावर डबा खायचे."

"आणि विकणारे सही करायला नाही म्हणाले तर?"

"मग दिवाणी कोर्ट. स्पेसिफिक रिलीफ अ‍ॅक्ट, १९६३, कलम २६. दोघांचा इरादा एक होता आणि लिहिताना दोघांचीही चूक झाली, हे सिद्ध करायचं. सिद्ध होतं, पण तुझं वय पाहता सहीनंच भागव."

आता सह्या. चूक दुरुस्ती लेखाचा पहिला नियम असा की मूळ दस्तावर ज्यांनी ज्यांनी सह्या केल्या, त्या सगळ्यांनी पुन्हा यायचं. खरेदी करणाऱ्यानं एकट्यानं "माझी चूक झाली" म्हणून चालत नाही. ती चूक सगळ्यांनी मिळून केलेली असते, तशीच सगळ्यांनी मिळून निस्तरायची असते. २०२१ मध्ये विकणारे तीन होते. थोरले भाऊ गावातच. त्यांना निरोप धाडायची गरजच पडली नाही; रस्त्याकडच्या सातबाऱ्यावर माझं नाव आहे हे ऐकताच ते चप्पल न घालता माझ्या ओसरीत आले होते. बहीण बालाघाटला. धाकटे भाऊ मात्र २०२३ मध्ये वारले.

माणूस गेला की त्याच्या एका सहीच्या जागी किती सह्या येतात, हे कागदावर मोडून पाहावं. त्यांची बायको, दोन मुलगे आणि दुर्गला दिलेली मुलगी. एकाचे चार झाले. त्यातला कोणी अज्ञान असता तर जिल्हा न्यायालयाची परवानगी काढायला जावं लागलं असतं. धाकट्या मुलाला नुकतंच अठरावं संपलं होतं, त्याचा वाढदिवस मी मनातल्या मनात साजरा केला. शिवाय ३१२ च्या सातबाऱ्यावर अजून वारलेल्या भावाचंच नाव होतं. म्हणून आधी मृत्यूचा दाखला जोडून वारसांची नोंद, तिचा फेरफार, तिची नोटीस. माझी दुरुस्ती त्यांच्या दुखवट्यामागे रांगेत उभी राहिली.

दुर्गची मुलगी यायला तयार नव्हती. फोनवर ती एवढंच म्हणाली, "काका सही करायला बोलावतात, म्हणजे कायतरी जात असंन." तिच्या संशयाला आधार होता. वडील गेल्यावर महिन्याभरात भावांनी तिला हक्कसोड करायला बोलावलं होतं आणि ती आली नव्हती. "मग मुखत्यारपत्र दे, नोंदवलेलं, म्हणजे यायचं काम नाही," असं थोरल्यांनी सुचवलं. त्यावर तिनं फोन ठेवला. माझ्या मते बरोबर केलं. शेवटी मीच दुर्गला गेलो, दोन्ही गटांचे नकाशे घेऊन. तिच्या स्वयंपाकघरातल्या ओट्यावर ते अंथरले आणि बोट ठेवून सांगितलं, ही बोडी, ही तुझ्या बाबांनी मला विकली. हा रस्ता, इथली जमीन आज चुकून माझ्या नावावर आहे. तू सही केलीस तर तुझ्या वडिलांचा वाटा रस्त्याकडे परत येतो. तिनं नकाशा उलटा-सुलटा करून पाहिला. "म्हणजे सही केल्यानं आमची जमीन वाढते?" "हो." "असं पयल्यांदाच ऐकते," असं म्हणून ती यायला तयार झाली.

या सगळ्यात दिवाळी आली. आणि आम्ही बालाघाट, दुर्ग करत असताना ऑक्टोबर २०२४ मध्ये सरकारनं शंभर-दोनशेचे मुद्रांक बाजूला सारून किमान पाचशेचा केला. नुसत्या नंबर दुरुस्तीला नाममात्र मुद्रांक लागतो. ते नाम आता पाचपट झालं होतं.

पण मुद्रांक तेवढ्यावर भागणार नव्हता. अर्जनवीसबुवांनी मसुदा करायला घेतला (तेच बुवा, दुसरीकडे गेलो असतो तर त्यांना वाईट वाटलं असतं), आणि ३१२ चा सातबारा नीट वाचल्यावर त्यांची लेखणी थांबली. लागवडीयोग्य क्षेत्र ०.८१, पोटखराब ०.०३, एकूण ०.८४. विक्रीपत्रात आराजी लिहिली होती ०.८१. बोलणी "दोन एकर" अशी झाली होती. दोन एकर म्हणजे ०.८१ हेक्टर. पोटखराब म्हणजे जिथे पीक येत नाही ती जागा: आमच्याकडे ती बोडीच्या पाळीलगतची, दगडांची, तीन आरांची पट्टी. तिच्यावर एक जुना मोह उभा आहे. बाकी गावकऱ्यांच्या हिशेबात ती जागा नव्हतीच; ती जागा म्हणजे मोह.

नोंदणी कार्यालयात विचारलं तेव्हा बाबूंनी पेचच पुढे केला. "३१२ मधून ०.८१ घेता, मग ०.०३ राहिले कोणाचे?" विकणाऱ्यांचे म्हणावं, तर तीन आरांचा तुकडा शिल्लक राहतो, आणि तुकडेबंदीच्या कायद्यात ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेपासून आमच्या जिल्ह्यात जिरायतीचं प्रमाणभूत क्षेत्र वीस आर आहे. तीन आरांचा मोह वेगळा काढता येत नाही. माझे म्हणावं, तर आराजी वाढते. आणि आराजी वाढली की दुरुस्तीत विक्रीचा वास येतो. नंबर बदलला, नाव सुधारलं, तर नाममात्र. क्षेत्र वाढलं तर वाढलेल्या क्षेत्राच्या बाजारमूल्यावर मुद्रांक. नाहीतर लोकांनी विक्रीपत्र एका गुंठ्याचं केलं असतं आणि उरलेलं शेत दुरुस्तीत घेतलं असतं; सरकारला आपली माणसं चांगली ओळखू येतात.

मी म्हटलं, भरतो तीन आरांचा मुद्रांक. रक्कम फार नव्हती. पण धाकट्यांच्या मुलांपैकी मोठा म्हणाला, "मग तीन आरांचे पैसेही द्या ना जी."

इथे वकील मित्रांनी टेबलाखालून माझा पाय दाबला. बाहेर नेऊन सांगितलं: पैसा दिलास तर ही दुरुस्ती राहणार नाही, नवी विक्री होईल, आणि मग इराद्याची सगळी कहाणी कोलमडते. तुमचा सौदा पहिल्यापासून बोडीपासून नाल्यापर्यंतच्या अख्ख्या गटाचा होता. चतुःसीमेत मोह आधीपासूनच आहे. आराजी फक्त कमी लिहिली गेली. म्हणून मोबदला एक रुपयानंही बदलायचा नाही, आणि दस्तात तसं स्पष्ट लिहायचं.

आत येऊन हे मी सगळ्यांना समजावलं. मुलांचा चेहरा पडला. तेव्हा त्यांची आई, जी तोवर कोपऱ्यात पदर सावरून बसली होती, म्हणाली, "पैसे नको. मोहफुलं मी येचतो दरसाल. येचू द्याल का?" मी म्हटलं, वेचा वहिनी. हे कुठल्याच दस्तात नाही. पण मार्चअखेरीस पहाटे त्या टोपली घेऊन येतात, आणि त्यांच्या येण्याला अजून कोणी हरकत घेतलेली नाही.

मसुदा तयार झाला. चूक दुरुस्ती लेखात आधी मूळ दस्ताची कुंडली मांडतात: कोणत्या कार्यालयात, कोणत्या दिवशी, कोणत्या क्रमांकानं नोंदला. मग चुकलेला मजकूर जसाच्या तसा, मग बरोबर मजकूर. आमचं कलम असं होतं: "सदर विक्रीपत्रातील मिळकतीच्या वर्णनात 'गट क्रमांक ३२१, आराजी ०.८१ हे. आर.' असे नजरचुकीने लिहिण्यात आले आहे. त्याऐवजी 'गट क्रमांक ३१२, आराजी ०.८४ हे. आर. (पैकी पोटखराब ०.०३ हे. आर.)' असे वाचण्यात व समजण्यात यावे. चतुःसीमा, मोबदला व उर्वरित मजकूर पूर्ववत कायम राहील." नजरचुकीनं, हा शब्द मला फार आवडला. नजर कोणाची, ते तो सांगत नाही. अर्जनवीस, विकणारे, घेणारे, साक्षीदार, सगळे त्या एका नजरेत सामावतात.

जानेवारीत एका सोमवारी आम्ही सगळे जमलो. टोकन घेतलं. विकणारे सहा, घेणारा मी, दोन साक्षीदार, आणि प्रत्येकाचं आधार कार्ड. कार्यालयाबाहेरच्या बाकावर अर्जनवीसबुवांनी अंतिम प्रत सगळ्यांच्या हातात दिली. थोरल्यांनी वाचल्यासारखं केलं. बालाघाटच्या बाईंनी चष्मा विसरल्याचं सांगितलं. मीही, गंभीर चेहरा करून, पहिलं पान चाळलं. दुर्गच्या मुलीनं मात्र बोट ठेवून एकेक ओळ वाचायला सुरुवात केली. आमची टोकनची पाळी जवळ येत होती. बुवा म्हणाले, "बाई, घरी वाचा ना आता." तिनं बोट उचललं नाही. तिसऱ्या पानावर ते थांबलं.

"इथं तं ३१२ च्या जागी ३२१ वाचावं लिवलं हाय."

सगळे पानावर वाकले. पहिल्या उल्लेखात बरोबर होतं. शेवटी परिशिष्टात, जिथे दुरुस्त मिळकतीचं वर्णन पुन्हा येतं आणि जे संगणकात भरलं जातं, तिथे बुवांच्या टंकलेखकानं उलटं केलं होतं. दहा मिनिटांनी अंगठे लागले असते, आणि मग आम्हाला लिहावा लागला असता चूक दुरुस्ती लेखाचा चूक दुरुस्ती लेख, बालाघाट-दुर्गसहित. बुवा पान बदलायला धावले. थोरले भाऊ बराच वेळ पुतणीकडे पाहत राहिले. "हिला शिकवली ते बरं झालं," म्हणाले. शाळेत ती माझ्याच वर्गात होती, हे मी त्या वेळी सांगितलं नाही. तिनं माझ्याकडे पाहिलं तेवढं पुरे झालं.

पान बदलून आलं. या वेळी आम्ही नऊ जणांनी ते वाचलं, साक्षीदारांसकट. नोंदणी व्हायला वीस मिनिटं लागली.

पुढचं तलाठ्यांकडे. नवा फेरफार धरला गेला. संबंधितांना नोटीस, हरकतीसाठी पंधरा दिवस, मग मंडळ अधिकाऱ्यांची मंजुरी. ३२१ वरून माझं नाव उतरलं आणि सहा जणांचं पूर्ण झालं. ३१२ वर ०.८४ सह माझं चढलं. जुना फेरफार खोडला गेला असेल असं मला वाटलं होतं. तो आहे तिथेच आहे. नवा त्याच्या मागे उभा राहिला, एवढंच.

गेल्या ऑगस्टात त्याच पोरानं त्याच धुऱ्यावरून फोटो काढला. "घेतला जी," म्हणाला, आणि जरा हिरमुसला. त्याच्या मते मागचा मेसेज जास्त मजेचा होता.

आता माझ्या घरी दोन दस्त आहेत. वकील मित्रांच्या सांगण्यावरून मी ते सुतळीनं एकत्र टाचले आहेत, एक दाखवायचा तर दुसरा दाखवावाच लागतो. कारण दुरुस्तीचा दस्त नोंदला म्हणून पहिल्यातली शाई हलत नाही. मूळ विक्रीपत्राच्या दुसऱ्या पानावर, मिळकतीच्या वर्णनात, आजही गट क्रमांक ३२१ असंच लिहिलेलं आहे.